फोटोतला कोन आणि पक्षातला कोन

एका आकृतीतल्या एकाच कोनाची तीन उत्तरे माझ्यासमोर आली: ४५ अंश, ६४ अंश आणि ३२ अंश. पहिले उत्तर डोळ्यांनी पाहून काढलेले होते. दुसरे रीतसर सिद्धता लिहून, प्रत्येक पायरीला कारण देऊन आले होते. तिसरे बरोबर होते. पहिली दोन का चुकली हे शोधताना शाळेच्या भूमितीतल्या त्या बारीकसारीक खुणांकडे मला नीट पाहावे लागले. एरवी त्यांच्याकडे आपण छपाईची नक्षी असावी तसे बघतो. मी गणिताचा पदवीधर नाही. जुनी पाठ्यपुस्तके जमवून वाचण्याच्या नादातून जे कळले, तेवढ्या भांडवलावर हे लिहितो आहे.

आकृती माझ्या चुलतभावाच्या मुलीने पाठवली होती. ती नववीत शिकते. पुस्तकाच्या डाव्या पानावरच्या आकृतीचा फोनने काढलेला फोटो, आणि खाली एक ओळ : ‘काका, कोन ब किती?’ तिच्या पुस्तकात रोमन अक्षरे आहेत, मी इथे अ, ब, क, ड वापरतो. चौकोन अबकड. खालची बाजू अब लांब, वरची डक आखूड. अ पासून क पर्यंत एक कर्ण. ड पाशी ११६° असा आकडा, ब पाशी x. अब आणि डक या दोन्ही बाजूंच्या मध्यावर एकेक बाण. अड आणि डक यांच्यावर एकेक छोटी आडवी रेघ. कर्णावर दोन रेघा. कब या बाजूवरही काहीतरी होते, पण ती बाजू पुस्तकाच्या शिवणीकडे असल्याने तिथे सावली पडली होती.

मी फोन केला तेव्हा तिचे पहिले उत्तर तयारच होते. ‘पंचेचाळीस दिसतोय ना? मी कोनमापक पण लावला पडद्यावर. पंचेचाळीसच येतोय.’

कोनमापक खोटे बोलत नव्हते. तिने फोन कसा धरला असेल याचा मी नंतर हिशेब केला. पुस्तकातली अब ही बाजू साधारण दहा सेंटिमीटर आहे. फोन डावीकडून तिरका धरला आणि अ हे टोक भिंगासमोर बारा सेंटिमीटरवर, ब हे टोक अठरा सेंटिमीटरवर आले, तर ब कडचे सगळे अ कडच्याच्या दोन तृतीयांश आकाराचे उमटते. कारण फोटोतला आकार वस्तू जितकी दूर तितका लहान होतो. या एकाच कारणाने आकृतीची किती मोडतोड होते पाहा. पुस्तकात अड आणि डक अगदी सारख्या आहेत, फोटोत अड सव्वापटीहून थोडी अधिक लांब दिसते. अब आणि डक समांतर आहेत, पण फोटोत त्या उजवीकडे एकमेकींकडे झुकतात आणि त्यांच्यात सुमारे नऊ अंशांचा कोन पडतो. आगगाडीचे रूळ दूरवर मिळताना दिसतात, तोच प्रकार. आणि खरा ३२ अंशांचा कोन ब फोटोत ४५ अंशांचा होतो. वाईट म्हणजे ४५ हा आकडा शाळेच्या भूमितीत इतका नेहमीचा आहे, की तो दिसला की शंकाच येत नाही. ४३ दिसता तर तिने कदाचित पुन्हा विचार केला असता.

आता उलट बाजूने विचारू. तिरक्या फोटोने काय बिघडले नाही? सरळ रेघ सरळच राहिली (भिंग फार जवळ नेले तर पानाच्या कडेला किंचित वाकते, पण तेवढे सोडून देऊ). कर्ण क मधूनच जातो. ड हा बिंदू कर्णाच्या एका बाजूला आणि ब दुसऱ्या बाजूला, हे तसेच आहे. अडक हा त्रिकोण चौकोनाच्या आतच आहे. आणि कर्णावर दोन रेघा होत्या, त्या दोनच आहेत. म्हणजे लांबी, कोन आणि समांतरपणा गेला. कोण कोणाला जोडलेले, कोण कोणत्या बाजूला, कोण कोणाच्या आत, हे टिकले. खुणांची संख्याही टिकली.

हीच वाटणी केन मँडर्स या अभ्यासकाने युक्लिडच्या सिद्धता वाचताना केली आहे. १९९५ साली लिहिलेला आणि २००८ साली छापून आलेला त्याचा निबंध या विषयात वारंवार आधाराला घेतला जातो. त्याचे निरीक्षण सांगायला सोपे आहे. आकृती थोडी वाकडी काढली तरी ज्या गोष्टी बदलत नाहीत, तेवढ्याच युक्लिड आकृतीकडे पाहून मान्य करतो. छेदबिंदू आहे की नाही, बिंदू आत की बाहेर, भाग कोणता आणि पूर्ण कोणते, अशा या गोष्टी. वाकडेपणाने ज्या लगेच मोडतात, म्हणजे दोन लांब्यांची बरोबरी, काटकोन, समांतरपणा, त्या तो कधीही आकृतीवरून घेत नाही. त्या शब्दांत आधी सांगितलेल्या असाव्या लागतात, किंवा सिद्ध केलेल्या. मँडर्ससमोर हाताने काढलेल्या वाकड्या आकृत्या होत्या. फोनचा फोटो ही त्याच वाकडेपणाची आजची, यंत्राने केलेली आवृत्ती आहे.

मग युक्लिडच्या आकृतीत रेघा नि बाण होते का? नव्हते. हीथने १९०८ साली इंग्रजीत आणलेल्या युक्लिडमधली पहिल्या पुस्तकाची पाचवी आकृती पाहा. समद्विभुज त्रिकोणाचे दोन कोन सारखे असतात, हे तिथे सिद्ध केले आहे. आकृतीवर फक्त अक्षरे आहेत. कोणत्या बाजू सारख्या, ते वाक्यात आहे. आपल्या मराठी शाळांत त्या वाक्याला ‘पक्ष’ म्हणतात. पक्ष, साध्य, सिद्धता हा क्रम आपण सर्वांनी वहीत आखून घेतलेला असतो. (पक्ष आणि साध्य हे शब्द न्यायशास्त्रातही आहेत, पण तिथल्या ‘पक्षा’चा अर्थ वेगळा. तो गोंधळ इथे नको.) शाळेच्या आकृतीवरची रेघ, बाण, कंस ही त्या पक्षातली वाक्येच आहेत. ती कागदाच्या वरच्या भागातून उचलून आकृतीवर बसवलेली आहेत, इतकेच.

आकृतीवर वाक्य बसवण्याचे दुसरेही प्रयोग झाले आहेत. ऑलिव्हर बर्नने १८४७ साली युक्लिडची पहिली सहा पुस्तके रंगांत छापली. अक्षरांऐवजी लाल, निळा, पिवळा आणि काळा. पुस्तक देखणे आहे, पण झेरॉक्सच्या दुकानात ते गेले की लाल नि निळा एकच होतात. छोट्या आडव्या रेघेला ही भीती नाही. ती झेरॉक्समध्ये टिकते, तिरक्या फोटोतही टिकते. सावलीत मात्र टिकेलच असे नाही. ते पुढे येईलच.

या खुणा वाचण्याची माझी पद्धत अशी. मी मुलीला सांगितले, फोटो बघून कच्च्या वहीत आकृती पुन्हा काढ, पट्टी घेऊ नको. वाकडी आली तरी चालेल, मुद्दाम वाकडी काढलीस तर उत्तमच. बिंदू कोणते, कोण कोणाला जोडले आहे आणि कोणती खूण कुठे, एवढेच उतरवायचे. मग प्रत्येक खूण तोंडाने वाक्यात म्हणायची.

छोट्या आडव्या रेघेपाशीच ती अडखळली. ‘कर्णावर दोन रेघा आहेत, म्हणजे तो अड च्या दुप्पट.’ हा गैरसमज मी इतर मुलांतही पाहिला आहे, आणि तो मूर्खपणाचा नाही. एक रेघ म्हणजे एक आणि दोन म्हणजे दोन, असे वाटणे साहजिक आहे. पण इथे रेघांची संख्या माप सांगत नाही, ती टोळीचे नाव आहे. एका रेघेच्या टोळीतले सगळे रेषाखंड एकमेकांशी एकरूप, दोन रेघांच्या टोळीतले एकमेकांशी एकरूप. या दोन टोळ्यांत लहान कोण, मोठे कोण, याविषयी खूण काहीच बोलत नाही. आणि ज्या बाजूवर खूणच नाही, ती वेगळी आहे असेही ठरत नाही. खूण नसणे म्हणजे नुसते मौन. अब वर रेघ नाही, एवढ्यावरून अब कोणाच्या बरोबरीची नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

बाणांचा घोळ निराळा आहे. आपल्या पुस्तकांत रेषा काढतात तेव्हा तिच्या दोन्ही टोकांना बाण असतात. त्यांचा अर्थ, ही दोन्हीकडे अमर्याद जाते. किरणाच्या एका टोकाला बाण असतो. समांतरपणाचा बाण मात्र रेघेच्या मध्यावर, पोटावर बसतो. दिसायला खूण एक, जागेप्रमाणे अर्थ दोन. फोटो कडेला कापला गेला की टोकाचा बाण मध्यावर असल्यासारखा भासतो, तेव्हा रेघेची दोन्ही टोके चौकटीत आली आहेत ना, हे आधी बघावे. पोटावरचा एक बाण एका समांतर जोडीचा, दोन बाण दुसऱ्या जोडीचे. इथेही पुन्हा टोळीच. आमच्या आकृतीत अब आणि डक यांवर एकेक बाण आहे, अड आणि कब यांवर नाही. समांतरपणाचे एकच वाक्य आपल्या हाती आहे.

कोनाच्या बाबतीत आकडा कुठे छापला आहे यापेक्षा कंस कुठून कुठे जातो हे पाहावे. ड पाशी दोनच बाजू मिळतात, म्हणून ११६° कोणाचे याबद्दल वाद नाही. पण अ पाशी तीन रेषाखंड भेटतात : अब, अक, अड. तिथे ‘कोन अ’ म्हटले तर कोणता? म्हणून तीन अक्षरी नाव. कोन डअक, कोन कअब. मधले अक्षर नेहमी शिरोबिंदूचे. क पाशीही तीच गोष्ट. मुलीने वहीत दोनदा ‘कोन क’ असे लिहिले होते आणि दोन्ही वेळा तिच्या मनात वेगळा कोन होता. ती दोन नावे दुरुस्त केल्यावर तिची अर्धी अडचण आपोआप संपली.

तिने वाक्ये म्हटली. अड आणि डक एकरूप, कब सुद्धा त्यांच्याशी एकरूप. अब आणि डक समांतर. कोन ड ११६°. कर्णावर दोन रेघा. आणि दहा मिनिटांत तिने फोन केला : चौसष्ट! तिची सिद्धता निर्दोष होती. अड आणि कब समान, वरची बाजू खालचीला समांतर, म्हणून समद्विभुज समलंब चौकोन. कोन ड ११६ म्हणजे पायाचा कोन डअब ६४, आणि दुसरा पायाकोन ब तेवढाच. शिक्षकांनी पायऱ्या तपासल्या असत्या तर त्यात खोट सापडली नसती. अशी आकृती खरोखर काढताही येते, कुठेच विसंगती नाही. या उत्तराची मला पहिल्यापेक्षा जास्त काळजी वाटली. ४५ हे उत्तर ‘कारण लिही’ म्हटल्यावर कोसळते, ६४ कोसळत नाही.

मग चूक ओळखायची कशी? तिच्या वाक्यांच्या यादीतच ती होती. ‘कर्णावर दोन रेघा.’ मी विचारले, हे वाक्य पूर्ण कर. कर्ण कोणाशी एकरूप? ती गप्प. दोन रेघांची टोळी, आणि तिच्यात कर्ण एकटाच. अशी खूण कोणी छापत नाही. बरोबरीची खूण दोन ठिकाणी असते तेव्हाच तिचे वाक्य होते. एकटी सापडली, तर तिची जोडीदार फोटोत कुठेतरी हरवली आहे असे समजावे. समांतरपणाचा एकटा बाण सापडला तरी हाच नियम. कंसांनाही तो लागू आहे, पण एक अपवाद ठेवून. आकडा किंवा x दाखवणारा साधा कंस एकटा असू शकतो, कारण त्याचे वाक्य आकड्याने पूर्ण होते. तसेच काटकोनाचा छोटा चौरस एकटा पुरतो.

‘शिवणीजवळ पान बोटाने दाब, खिडकीकडे तोंड करून बस आणि बरोबर वरून फोटो काढ,’ एवढे सांगितले. दुसऱ्या फोटोत कब वर दोन रेघा स्वच्छ होत्या. पहिल्या फोटोत त्यातली शिवणीकडची रेघ सावलीने गिळली होती.

आता वाक्ये बदलली. अड आणि डक एकरूप, अक आणि कब एकरूप, अब आणि डक समांतर, कोन ड ११६°. फोटो बाजूला ठेवून पुढचे काम तिने कच्च्या आकृतीवरच केले. त्रिकोण अडक मध्ये दोन बाजू सारख्या, म्हणून त्या बाजूंसमोरचे कोन सारखे. अड समोर कोन डकअ, डक समोर कोन डअक. (इथे मुले सारख्या बाजूंच्या मधला कोन धरतात. ‘समोरचा’ हा शब्द बोट ठेवून म्हणावा.) १८० मधून ११६ गेले, उरले ६४, प्रत्येकी ३२. पुढे समांतर रेषा अब आणि डक, त्यांची छेदिका अक. कोन डकअ आणि कोन कअब हे व्युत्क्रम कोन, म्हणून कोन कअब सुद्धा ३२. शेवटी त्रिकोण अकब : अक आणि कब सारख्या, म्हणून कोन कअब आणि कोन कबअ सारखे. कोन ब ३२ अंश. पडताळा हवा तर असा : कोन अकब १८० वजा ६४, म्हणजे ११६. क पाशी ३२ आणि ११६ मिळून कोन डकब १४८. समांतर रेषांमधले आंतरकोन डकब आणि ब, १४८ आणि ३२, बेरीज १८०.

या सिद्धतेत लांबीबद्दल किंवा अंशांबद्दल जे काही वापरले, ते सगळे खुणांतून आले. आकृतीकडून एकच गोष्ट घेतली, आणि ती मुलीच्या नजरेतून सुटली होती. कोन डकअ आणि कोन कअब व्युत्क्रम आहेत हे तिने कशावरून ठरवले? पक्षात तसे कुठे नाही. ते आकृतीत दिसते : ड कर्णाच्या एका बाजूला, ब दुसऱ्या बाजूला. म्हणजे फोटोने जे बिघडवले नव्हते, नेमके तेच. ‘दिसते म्हणून’ हे कारण एरवी आपण वहीत खोडतो, पण या एका ठिकाणी ते नकळत वापरलेले असते.

दिसण्यावर कुठे विसंबावे, याबाबत जुन्या पोथ्यांची गंमत आहे. युक्लिडच्या हस्तलिखितांतल्या आकृत्यांचा केन साइतो या जपानी अभ्यासकाने बारकाईने अभ्यास केला. कोणताही त्रिकोण चालेल असे वाक्य म्हणते, तिथे लेखनिक बऱ्याचदा समद्विभुज त्रिकोण काढतात. कोणताही समांतरभुज चौकोन चालेल तिथे आयत. फोटोत असलेली बरोबरी दिसत नाही, पोथीत नसलेली बरोबरी दिसते. वाचणारा दोन्हीकडे वाक्यावर विसंबला तरच वाचतो.

अक्षरांचेही तसेच. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जयपूरच्या सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने नसीरुद्दीन तूसीच्या अरबी युक्लिडवरून ‘रेखागणित’ संस्कृतात आणले. ते मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत १९०१-०२ साली छापले गेले. त्यातले बिंदू अ, ब, ज, द असे चालतात, क, ख, ग असे नाही. ग्रीक आल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा अरबीत अलिफ, बे, जीम, दाल झाले आणि तसेच देवनागरीत उतरले. आपले मराठी शाळेतले अ, ब, क, ड इंग्रजी वाटेने आलेले. बिंदूचे नाव बदलल्याने सिद्धतेचे काही बिघडत नाही, क्रम आणि जागा बिघडली की मात्र बिघडते.

हे तपासायला मी मुलीला आणखी एक काम दिले. मूळ आकृती न बघता, नुसत्या चार वाक्यांवरून नवी आकृती काढ. तिने ड आणि ब हे दोन्ही बिंदू कर्णाच्या एकाच बाजूला काढले. वाक्ये सगळी पाळली होती, कारण बाजू कोणती हे एकाही वाक्यात नव्हते. आता कोन डकअ आणि कोन कअब व्युत्क्रम राहिले नाहीत, ते छेदिकेच्या एकाच बाजूचे आंतरकोन झाले. बेरीज १८०, म्हणून कोन कअब १४८. आणि अक आणि कब सारख्या, म्हणून कोन कबअ सुद्धा १४८. एका त्रिकोणात १४८ अंशांचे दोन कोन. तिने बराच वेळ त्या त्रिकोणाकडे पाहिले, मग पान उलटून ड ला कर्णाच्या पलीकडे नेले.